मोत्याला वाडगा नको

"मोत्यांची माळ निस्तेज दिसायला लागलीय, हिऱ्याची अंगठीही चमकत नाही. दोन्ही घरीच साबणाच्या पाण्यात धुतली तर चालेल का?"

अंगठी खुशाल धुवा. माळ मात्र पुसायची, बुडवायची नाही. मी सराफाच्या पेढीसाठी माळा ओवून देते, त्यामुळे गणपती जवळ आले की हाच प्रश्न घेऊन कोणी ना कोणी दारात उभं असतं.

आमच्या गुहागरच्या मावशीने विचारलंच नाही. चतुर्थीच्या आठ दिवस आधी तिने माळ आणि अंगठी एकाच वाडग्यात, साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवली. सकाळी अंगठी लखलखीत. माळ तिने पाणी निथळायला खुंटीला अडकवली, आणि ओला रेशमी दोरा मोत्यांच्या वजनाने ताणला. मोत्या-मोत्यांमध्ये दोरा दिसायला लागला. बाहेर पाऊस कोसळत होता. चार दिवसांनी माळ माझ्याकडे आली तेव्हा भोकांभोवती काळपट कडी उमटली होती आणि दोऱ्याला कुबट वास येत होता. मळ पाण्याबरोबर भोकांत शिरून तिथेच बसला होता. दोरा कापून सगळी माळ नव्याने ओवली, प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारून. कडी मात्र पूर्ण गेली नाहीत.

मोती म्हणजे शिंपल्याचाच भाऊ. परसात पडलेल्या तिसऱ्यांच्या शिंपलीवर लिंबू पिळून बघा, बारीक बुडबुडे येतात. आंबट लागलं की ती विरघळते, आणि मोत्याचंही तसंच. म्हणून लिंबू, चिंच, व्हिनेगर, कोकमाचं आगळ यातलं काही त्याच्या जवळ नको. रिठ्याचं पाणीसुद्धा थोडं आंबटच असतं. सोन्याला ते चालतं म्हणून आपल्या बायका सवयीने मोत्यालाही लावतात, ते टाळा. मोत्याचं 'पाणी' म्हणतात ते वरच्या पातळ थरांतून येतं. एकदा ते थर खरवडले गेले की पॉलिश करून परत येत नाहीत. टूथपेस्ट, खाण्याचा सोडा आणि ब्रश नको ते त्यासाठीच.

मग माळेचं करायचं काय? वाटीभर कोमट पाण्यात सौम्य साबणाचे एक-दोन थेंब घाला. जुन्या मऊ सुती साडीचा तुकडा त्यात भिजवून घट्ट पिळा, इतका की थेंब गळता कामा नये. माळ टॉवेलवर सरळ ठेवा आणि एकेक मोती दोन बोटांत धरून पुसा. मानेच्या मागे येणारे मोती जास्त मळतात, घाम आणि अत्तर तिथेच साठतं. मग साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने साबण काढा. वाळवायची ती आडवी, टॉवेलवर, पंख्याखाली. पावसाळ्यात दोन दिवस तरी डबीत घालू नका. पिवळेपणा फार जुना असेल तर पुसून जाणार नाही, तो मोत्याच्या अंगातच मुरलेला असतो.

अंगठीचं दुखणं वेगळं. हिऱ्याला तेल फार लवकर चिकटतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीच्या खाणीत खडीतून हिरे वेगळे करायला ग्रीस लावलेले टेबल वापरत. खडी पाण्याबरोबर वाहून जायची, हिरे ग्रीसला चिकटून राहायचे. आपल्याकडे तेच काम खोबरेल, बांगड्याचं तेल आणि हातावरचं क्रीम करतं. वरून फडकं मारून उपयोग नाही, कारण राप खड्याच्या खालच्या बाजूला बसतो आणि उजेड तिथेच अडतो.

आधी अंगठी कानाजवळ धरून हलवा. खडा खडखडला किंवा त्याला धरणाऱ्या दाढेत सुती धागा अडकला, तर धुऊ नका, सोनाराकडे न्या. सगळं ठीक असेल तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकून वीस मिनिटं ठेवा आणि लहान मुलांच्या मऊ ब्रशने खालून, कोंदणाच्या जाळीतून हलकेच घासा. दुसऱ्या वाडग्यात खळबळा. नळाखाली नाही. मोरीच्या जाळीतून खडा शोधायची वेळ आपल्यावर येऊ नये. ब्लीच तर अजिबात नको. हिऱ्याला काही होत नाही, पण क्लोरीन सोन्यातल्या इतर धातूंना खातं आणि खडा धरणाऱ्या दाढा ठिसूळ होतात. हे सगळं उघड्या कोंदणातल्या हिऱ्यापुरतं. मागून बंद असलेलं जुनं काम किंवा शेजारी पाचू असेल, तर भिजवू नका.

आणि दोन्ही एका डबीत टाकू नका. मावशीच्या माळेत तीन मोत्यांवर बारीक ओरखडे होते, तिच्या त्याच अंगठीचे.