तंतुकणिका कशासाठी? : इंग्लंडमधल्या उत्तरपत्रिका आणि कोथरूडची भाची

इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी द्यायच्या जीसीएसई परीक्षा मे आणि जूनमध्ये होतात, आणि त्याआधीचे काही आठवडे माझ्यासारख्या जीवशास्त्र शिकवणाऱ्या माणसाच्या घरात सराव उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पडलेले असतात. याच सुमारास कोथरूडला राहणारी माझी भाची, जी तिथल्या शाळेत केंब्रिजचा अभ्यासक्रम शिकते, आपली उत्तरे मोबाइलवर फोटो काढून पाठवते आणि खाली लिहिते, ‘आत्या, किती मार्क?’ गंमत अशी की विशेषित पेशींच्या प्रश्नात माझ्या इथल्या विद्यार्थ्यांचे आणि तिचे गुण अगदी एकाच जागी जातात, म्हणून पुण्यातल्या पालकांसाठी आणि मुलांसाठी तेवढी एक जागा सविस्तर लिहिते आहे.

प्रश्न साधा होता : मुळावरील मूलरोम पेशी तिच्या कार्यासाठी कशी अनुकूल असते ते स्पष्ट करा, गुण चार. भाचीने लिहिले होते, ‘या पेशीला केसासारखा लांब भाग असतो. तिची भित्तिका पातळ असते. तिच्यात हरितलवके नसतात. तिच्यात पुष्कळ तंतुकणिका असतात, त्यामुळे पाणी भरपूर शोषले जाते.’ यातले प्रत्येक वर्णन खरे आहे, तरीही मी एकच गुण दिला आणि तोही जरा हात सैल सोडून. आपल्या दहावीच्या पेपरात ‘शास्त्रीय कारणे लिहा’ असा प्रश्न असतो, त्याचीच जात इथल्या या प्रश्नाची आहे. रचना सांगितली, पण तिच्यामुळे काय घडते आणि त्यातून पेशीचे काम कसे होते ही साखळी जुळवली नाही, तर परीक्षक ते केवळ वर्णन मानतो. इथली परीक्षा मंडळे जुन्या प्रश्नपत्रिकांच्या गुणदान योजना आपल्या संकेतस्थळांवर ठेवतात. त्या वाचल्या की एकेक गुण नेमका कोणत्या दुव्याला आहे हे स्वच्छ दिसते.

लांब केसापासूनच सुरुवात करू. मूलरोम हा वेगळा अवयव नाही, मुळाच्या बाहेरच्या थरातल्या एकाच पेशीने मातीत काढलेला तो फाटा आहे. हिशेबासाठी असे समजा की त्या पेशीची मातीकडची बाजू 100 मायक्रोमीटर लांब आणि 20 मायक्रोमीटर रुंद आहे, म्हणजे पृष्ठफळ 2,000 चौरस मायक्रोमीटर झाले. आता तिच्यातून 10 मायक्रोमीटर व्यासाचा आणि 800 मायक्रोमीटर लांबीचा रोम निघाला. त्याच्या बाजूचे पृष्ठफळ 3.14 × 10 × 800, म्हणजे सुमारे 25,000 चौरस मायक्रोमीटर भरते. मातीला लागलेले एकूण पृष्ठफळ तेरापटीहून अधिक वाढले, आणि पेशीची जाडी 20 मायक्रोमीटर धरली तर तिचे आकारमान मात्र सुमारे अडीच पटच वाढले. रोम लांब असण्याइतकाच तो बारीक असणेही का महत्त्वाचे आहे, हे या दोन आकड्यांवरून कळते. 1937 साली डिट्मर या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने राय नावाच्या धान्याच्या एकाच रोपाची मुळे धुऊन मोजमाप केले, तेव्हा मूलरोमांची संख्या सुमारे 1,400 कोटी आणि त्यांचे पृष्ठफळ 4,300 चौरस फुटांच्या वर निघाले. पुण्याच्या भाषेत सांगायचे तर साडेआठशे फुटी पाच फ्लॅटचे क्षेत्रफळ एका रोपाच्या खाली दडलेले होते.

तेव्हा ‘लांब भाग असतो’ या वाक्याच्या पुढे ‘त्यामुळे पृष्ठफळ वाढते, आणि ठरावीक वेळात अधिक पाणी व खनिज आयन आत येऊ शकतात’ एवढे जोडले की दुवा पुरा होतो. पातळ भित्तिकेचेही तसेच आहे : पाण्याला ओलांडायचे अंतर कमी होते, हे लिहायला हवे. हरितलवके नसणे खरे असले तरी त्याने शोषण वाढत नाही. जमिनीखाली उजेड नाही म्हणून ती तिथे निरुपयोगी ठरली असती, इतकेच.

खरी गफलत शेवटच्या वाक्यात आहे. तंतुकणिकांमुळे पाणी शोषले जाते, असे इथलेही निम्मे वर्ग लिहितात. पाणी परासरणाने आत येते, आणि त्यासाठी पेशीला थेट ऊर्जा खर्चावी लागत नाही. ऊर्जा लागते ती नायट्रेटसारख्या खनिज आयनांसाठी, कारण मातीतल्या पाण्यात ते विरळ असतात, पेशीत ते अधिक असतात, आणि विरळ बाजूकडून दाट बाजूकडे आपसूक कोणी जात नाही. त्यांना सक्रिय वहनाने आत ओढावे लागते, आणि त्याला लागणारी ऊर्जा तंतुकणिकांतल्या श्वसनातून मिळते. अर्थात पाण्याशी या कामाचा संबंध अजिबात नाही असेही नाही. आत जमा झालेल्या आयनांमुळे पेशीतला द्राव अधिक दाट होतो आणि परासरणाला मदत होते. पण हा पुढचा दुवा आहे, पहिला गाळून तो लिहिता येत नाही.

भाचीचा यावर प्रश्न आला, ‘पण हे खरे आहे हे कशावरून?’ मी तिला गच्चीवरच्या कुंड्या पाहायला सांगितले. पावसाळ्यात ज्या कुंडीचे भोक बुजलेले असते तिच्यात पाणी साचते, मातीतल्या पोकळ्यांमधली हवा निघून जाते, मुळांना ऑक्सिजन मिळत नाही आणि श्वसन मंदावते. खनिजे त्या पाण्यात असूनही ती नीट आत घेता येत नाहीत, आणि थोड्या दिवसांत खालची जुनी पाने पिवळी पडू लागतात. आपली माणसे मग वरून आणखी खत घालतात, ते वेगळेच.

हाच तंतुकणिकांचा मुद्दा शुक्रपेशीच्या आणि चेतापेशीच्या उत्तरातही येतो, आणि मुले तिन्ही ठिकाणी ‘ऊर्जेसाठी’ हा एकच शब्द लिहून मोकळी होतात. शुक्रपेशीत तंतुकणिका मधल्या भागात, शेपटीच्या बुडाशी गुंडाळलेल्या असतात. तिथली ऊर्जा शेपूट हलवण्यासाठी, म्हणजे अंडपेशीपर्यंत पोहत जाण्यासाठी खर्च होते. अंडपेशीच्या आवरणातून वाट काढणे हे काम डोक्यातल्या विकरांचे आहे, ते तंतुकणिकांच्या नावावर टाकू नये. चेतापेशीत अक्षतंतूच्या टोकाशी त्या पुष्कळ असतात, कारण पुढच्या पेशीकडे निरोप नेणारी रसायने तिथे सतत तयार ठेवावी लागतात. चेतापेशीच्या लांबीबद्दल मात्र ‘निरोप लांब जातो’ यावर थांबू नये. पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटांकडे जाणारा अक्षतंतू सुमारे एक मीटर लांब असू शकतो, आणि अखंड एकाच पेशीतून गेल्याने वाटेत संपर्कस्थाने कमी लागतात. प्रत्येक संपर्कस्थानी विद्युत आवेगाला थोडा उशीर होत असल्याने हा वेळ वाचतो.

वरच्या गुणांचे प्रश्न न शिकवलेल्या पेशीवर येतात. परवा मी भाचीला लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशीची आकृती पाठवली. तिच्या एका कडेला असंख्य सूक्ष्म बोटे आणि आत भरपूर तंतुकणिका होत्या. तिने लिहिले, ‘बोटांसारख्या घड्यांमुळे पृष्ठफळ वाढते, म्हणून पचलेले अन्न अधिक वेगाने शोषले जाते. आतड्यातले ग्लुकोज रक्तातल्यापेक्षा विरळ झाल्यावरही ते आत घ्यावे लागते, म्हणून सक्रिय वहन होते, आणि त्याची ऊर्जा तंतुकणिकांतल्या श्वसनातून मिळते.’ चारपैकी चार दिले.