आत्याचे दाढीवाले बाबा

नागपुरात महालातल्या घरी दुपारच्या जेवणानंतर कूलरसमोर आडवं व्हायचं आणि जुन्या गोष्टींवरून भांडायचं, हा आमच्या घराण्याचा उन्हाळी उद्योग. यंदा विषय निघाला टीव्हीवरच्या योगाचा. आत्या म्हणाली, "शाळेत होती ना मी, तेव्हा रोज सकाळी उठून मी दाढीवाल्या बाबांचा योग पाहायची. ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर. पांढरं मलमल नेसलेले बाबा. मग भजन, मग शाळा." काका म्हणाले, "काहीतरीच. तेव्हा सकाळी टीव्ही लागतच नव्हता." झालं. कूलरमधलं पाणी संपलं तरी वाद संपेना.

मला असल्या वादात न्यायाधीश व्हायला फार आवडतं. माणसं तारखेच्या बाबतीत फार ऐटीत बोलतात, आणि जितकी ऐट जास्त तितकी तारीख डळमळीत.

बाबा ओळखायला सोपे होते. पांढरं मलमल, लांब केस आणि दाढी, म्हणजे धीरेंद्र ब्रह्मचारी. इंदिरा गांधींचे योगगुरू, दूरदर्शनवर योग शिकवणारे, 1994 मध्ये विमान अपघातात गेले. आत्याचं वर्णन इथपर्यंत चोख. अडचण 'रोज' आणि 'सकाळी' या दोन शब्दांची होती. त्यांचा कार्यक्रम आठवड्यातून एकदा असायचा. आणि दूरदर्शनचं रोजचं सकाळचं प्रक्षेपण सुरू झालं 23 फेब्रुवारी 1987 ला. त्याआधी सकाळी टीव्ही म्हणजे मुख्यतः रविवारची चंगळ. एरवी सकाळी बटण फिरवलं की पडद्यावर मुंग्या आणि वर छतावर सेमिनरी हिल्सकडे तोंड करून निमूट उभी असलेली अँटेना.

"मग 1987 नंतर पाहिलं असेल," आत्या लगेच म्हणाली. वकील व्हायला हवी होती.

अशा वेळी मी माणसाला तारीख विचारत नाही, शेजारची गोष्ट विचारतो. रामायण तेव्हा सुरू झालं होतं का? कारण रामायणाची तारीख पक्की आहे: 25 जानेवारी 1987, रविवार. दूरदर्शनची रोजची सकाळ त्याच्या महिनाभरानंतरची, सोमवारपासून. महाभारत 2 ऑक्टोबर 1988 चं, तोही रविवारच. या तीन खुंट्या ठोकल्या की बाकीचं दोरीवर वाळत घालता येतं. कोणी सांगितलं, "अमुक मालिका मंगळवारी सुरू झाली," आणि तारीख काढली तर ती रविवारी पडते, तर वार किंवा तारीख, दोन्हीपैकी एक खोटं. कॅलेंडर काढून पाहायला दोन मिनिटं लागतात, पण लोक ते करत नाहीत; वाद संपेल याची भीती असावी.

आत्याचं उत्तर आलं: "रामायण? नाही बाप्पा, ते मी लग्नानंतर पाहिलं. इकडे सासरी. शेजारचे सगळे हारबीर घेऊन यायचे."

म्हणजे शाळेतली सकाळ आणि रोजचं सकाळचं प्रक्षेपण यांची गाठ पडतच नव्हती. मग भजन कुठून आलं? ते उत्तर काकांनीच दिलं, आणि ते मला सगळ्यात पटलं. सकाळची भक्तिगीतं आमच्याकडे रेडिओवर लागायची. आजी चुलीपाशी, रेडिओ कोनाड्यात, आणि त्या आवाजावर आम्ही दात घासायचो. डोक्यात आवाज रेडिओचा, चित्र टीव्हीचं, आणि पुढे चाळीस वर्षं दोघांचा संसार सुखानं चाललेला. जुन्या कार्यक्रमांच्या आठवणीत ही गफलत कायम दिसते, म्हणून मी पहिल्यांदा विचारतो: ऐकलं होतंस की पाहिलं होतंस? पाहिलं म्हणणाऱ्याला विचारावं, बाई कुठल्या रंगाची साडी नेसून बसली होती. टीव्ही काळा-पांढरा असेल तर पुढचं फार मजेशीर होतं.

वर्तमानपत्रातली कार्यक्रमपत्रिका हा खरा पुरावा. दूरदर्शनच्या कार्यक्रमांची रोजची चौकट छापली जायची. वाचनालयात जुन्या अंकांच्या बांधीव फायली असतील तर ती सापडते. पण तिचाही स्वभाव ओळखायला हवा. तिथे बहुतेक वेळा नुसतं 'योग' असं छापलेलं असतं, शिकवणाऱ्याचं नाव नाही. नाव हवं तर पुरवण्यांत कार्यक्रमावरचा लेख शोधावा लागतो. आणि चौकट सांगते काय ठरलं होतं ते; काय दिसलं ते नाही. इंदिरा गांधींची हत्या 31 ऑक्टोबर 1984 ला झाली. त्या दिवसाची चौकट आदल्या दिवशीच ठरून छापली गेली होती, आणि पडद्यावर त्यातलं काही राहणं शक्यच नव्हतं. म्हणून एका चौकटीवर भिस्त ठेवू नये. आधीचा आणि नंतरचा आठवडा पाहावा. तोच वार, तीच वेळ, तेच नाव चार अंकांत सापडलं, तर कार्यक्रम तिथे होता असं म्हणायला हरकत नाही.

इंटरनेटवरचे जुने व्हिडिओही मला विचारले जातात. त्यावरची तारीख कोणी चढवल्याची असते, प्रक्षेपणाची नव्हे. आणि पूर्वी टेपा पुसून पुन्हा वापरत, त्यामुळे सापडलेली टेप बऱ्याचदा पहिल्या प्रक्षेपणाची नसून एखाद्या पुनःप्रक्षेपणाची असते.

एवढं सगळं मांडून मी आत्याला म्हटलं, आता तरी मान, की बाबा तू एकदोन रविवारी पाहिले असशील आणि बाकी सगळं नंतरचं. तिनं ऐकलं नाही. ती हाताची बोटं आत वळवून दोन्ही हातांची नखं एकमेकांवर घासत बसली होती, जशी ती रोज दुपारी बसते.

"हे कोणी शिकवलं?" मी विचारलं.

"त्याच बाबांनी. केसांसाठी. तेव्हापासून करून राहिली मी. आणि कपालभाती."

इथे माझा निकाल मला सापडला. नखं घासणं आणि घरोघरचं कपालभाती म्हणजे रामदेवबाबा. भगवी वस्त्रं, आणि आस्था वाहिनीवरची पहाट. आस्था सुरू झाली 2000 मध्ये. केबल, रंगीत टीव्ही, आत्याची मुलं कॉलेजात. आत्याच्या डोक्यात पांढऱ्या मलमलीच्या बाबांच्या तोंडी भगव्या बाबांचे शब्द बसले होते; दाढी दोघांनाही, त्यामुळे दुमत व्हायला जागाच नव्हती. सकाळी रोज पाहिलेले बाबा हे दुसरे. शाळेतले पहिले. मधली वीसेक वर्षं कुठे गेली, हे तिला विचारणं मला नकोसं झालं. त्यात आजोबांचं आजारपण होतं, आणि ती टीव्ही पाहायच्या मनःस्थितीत नव्हती.

काकांनी मात्र संधी सोडली नाही. "म्हणजे तुझे बाबा दोन होते," ते म्हणाले.

आत्यानं नखं घासणं थांबवलं नाही. "असतील बाप्पा. मला काय त्याचं? एकानं शिकवलं, दुसऱ्यानं करून घेतलं. काहून एवढं उकरून राहिले तुम्ही?"

मी काकांकडे पाहिलं. ते टकलावरून हात फिरवत होते.