तुम्ही विचारलंत म्हणून: आजीची चिमूट किती ग्रॅमची?

“आजीच्या कार्डावर सगळं ‘कपभर’ आणि ‘चिमूटभर’ असंच लिहिलंय. परदेशातल्या मुलासाठी ते इंग्रजीत करायचं, तर नेमकी मापं आणायची कुठून?”

थोडी कपाटातून आणि थोडी आजीच्या हाताखाली शिकलेल्या कोणाच्या तरी बोटांतून. शब्दकोशातून मात्र आणू नयेत, कारण मी पहिल्यांदा तेच केले होते आणि माझ्या भाच्याच्या पदरी मधोमध कच्चा राहिलेला, वर न आलेला केक पडला होता.

आजीच्या रव्याच्या केकचे ते कार्ड अगदी लहान आहे. एक कप रवा, एक कप आंबट दही, पाऊण कप साखर, पाव कप तेल, चिमूटभर मीठ, दोन चिमटी सोडा, लागेल तसे दूध. सहा इंची गोल भांड्यात घालून मंद आचेवर होईपर्यंत भाजावे. मी ते शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत उतरवून पाठवले. भाच्याने त्याच्याकडच्या मापाच्या संचातला २४० मिलिलिटरचा कप घेतला, त्याच संचातला ‘पिंच’ असे कोरलेला इवलासा चमचा घेतला आणि कार्डाबरहुकूम सगळे केले. केक बसल्यावर त्याने मला विचारले, “सगळं एकाच कपाने मोजलं, म्हणजे प्रमाण तर तेच राहिलं ना?”

प्रश्न बिनतोड होता आणि त्याचे उत्तर शोधताना मला ही सगळी भानगड उमगली. कपाने मोजलेल्या वस्तूंचे आपसातले प्रमाण कप बदलला तरी खरोखरच बदलत नाही. पण जे कपाने मोजलेलेच नसते, ते कपाबरोबर वाढत नाही. सोड्याची चिमूट वाढत नाही, भांडे वाढत नाही, ओव्हनमधला वेळ वाढत नाही. अंडी असती तर तीही वाढली नसती, कारण ती नगावर मोजतात. आजीचा कप लहान होता. म्हणजे भाच्याच्या भांड्यात पीठ जवळजवळ दीडपट गेले आणि ते फुगवणारा सोडा मात्र दोनच चिमटी राहिला.

तेव्हा पहिले काम कप शोधण्याचे. आजीचा कान तुटलेला कप मावशीने सुदैवाने जपून ठेवला होता. तो काठोकाठ भरला तर त्यात २०० मिलिलिटर पाणी मावत होते. मात्र मावशीने लगेच सांगितले की आजी काठाखाली नखाएवढी जागा नेहमी मोकळी सोडत असे. तितके पाणी भरून वजनकाट्यावर ठेवले, तेव्हा कपाचे वजन वगळता १७० ग्रॅम भरले. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर, म्हणून कप १७० मिलिलिटरचा. मग मावशीकडून त्याच कपाने तीनदा रवा भरून घेतला: ११८, १२१, ११९ ग्रॅम. मी १२० लिहिले. त्याच हिशेबाने दही १७५, साखर ११० आणि तेल ४० ग्रॅम झाले. कोरड्या वस्तू ज्या हाताने भरायच्या त्याच हाताने भरून घ्याव्यात, कारण दाबून भरलेल्या आणि अलगद भरलेल्या एका कप मैद्यात सहज वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक पडतो. इंग्रजी कार्डावर ‘कप’ हा शब्द मी ठेवलाच नाही. परदेशातला कप कुठे २४० मिलिलिटरचा, कुठे २५०चा, तर जपानमध्ये २००चा असतो, आणि मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा असला तरी ऑस्ट्रेलियात २०चा असतो. ग्रॅम मात्र सगळीकडे तोच.

चिमूट याहून फसवी, कारण तिला इंग्रजीत अगदी चपखल शब्द आहे. मापाच्या संचातली ‘पिंच’ बहुधा छोट्या चमच्याच्या सोळाव्या हिश्श्याची असते, म्हणजे सोड्याच्या वजनात सुमारे ०.३ ग्रॅम. आजी तीन बोटांनी चिमूट घेत असे. स्वयंपाकघरातल्या साध्या काट्याला एक चिमूट दिसतच नाही, म्हणून मावशीला वाटीत दहा चिमटी टाकायला सांगितल्या. काटा ६ ग्रॅमवर थांबला. म्हणजे एक चिमूट ०.६ ग्रॅम आणि दोन मिळून १.२ ग्रॅम, अर्थात छोट्या चमच्याचा सपाट पाव हिस्सा. शब्दाचे भाषांतर बरोबर होते आणि वस्तू निम्मी गेली होती. वर पीठ दीडपट, म्हणजे भाच्याच्या केकला हवा त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा सोडा मिळाला.

मिठाची चिमूट मी तशीच राहू दिली. केकमध्ये अर्ध्या ग्रॅम मिठाने चवीत उन्नीस-बीस फरक पडेल, केक काही बसणार नाही. सगळेच ग्रॅममध्ये कोंबले, तर कोणता आकडा पाळायचा आणि कोणता सैल सोडायचा हे वाचणाऱ्याला कळत नाही, म्हणून जिथे चूक महागात पडते तिथेच आकडा द्यावा, असे माझे मत आहे. सोड्याबद्दल मात्र दोन वाक्ये मी स्वतःहून वाढवली. सोडा म्हणजे बेकिंग पावडर नव्हे. पावडरीत सोड्याचा वाटा साधारण तिसरा किंवा चौथा हिस्साच असतो. आणि तो सगळ्यात शेवटी घालावा, कारण दह्यातल्या आंबटपणाशी गाठ पडताच त्याचे बुडबुडे सुटू लागतात आणि पीठ ताटकळत राहिले तर ते ओव्हनबाहेरच विरून जातात. आजीला हे लिहून ठेवण्याची गरज वाटली नव्हती.

‘लागेल तसे दूध’ याला आकडा नसतोच. तिथे खूण लिहावी लागते आणि खूण कधी पाहायची तेही. रवा दह्यात अर्धा तास मुरतो, तेव्हा तो ओलावा ओढून घट्ट होतो. त्याआधी पाहिले तर पीठ पातळ वाटते आणि दूध घालायचे राहून जाते. म्हणून मी असे लिहिले: अर्ध्या तासानंतर पीठ चमच्यातून गोळ्याने पडत असेल, तर एकेक मोठा चमचा दूध घालत जा आणि ते जाड, संथ धारेने पडू लागले की थांबा. मावशीच्या दह्याला असे चार चमचे लागले. भाच्याला सात लागले, कारण त्याने पाणी काढून टाकलेले घट्ट दही आणले होते. आकडा दिला असता, तर तो चारावरच थांबला असता.

मंद आचेचे मी १७० अंश सेल्सिअस केले, पंख्याचा ओव्हन असेल तर १५०. ‘होईपर्यंत’ याच्या जागी लिहिले: तिसाव्या मिनिटापासून पाहू लागा, कडा भांड्यापासून सुटलेल्या असाव्यात आणि मधोमध खुपसलेली काडी कोरडी यावी. या खुणा मावशीने सांगितल्या. तिसरी तिने नंतर फोन करून कळवली, की केक झाल्यावर त्याची बारीक चुरचुर थांबते, आजी भांड्याशी कान नेऊन ऐकत असे. तीही मी कार्डाच्या मागच्या बाजूला लिहिली आहे.