बिझनेस अॅनालिस्टचा केस स्टडी राउंड: आरटीओ का वाढला हे सिनियर लोकांना कसं सांगितलं (माझा अनुभव)

मी पुण्यात तीन वर्षं एमआयएसचं काम करत होते, रोजचे रिपोर्ट, पिव्हट, तेच ते. बिझनेस अॅनालिस्टसाठी अप्लाय केलं तेव्हा एसक्यूएलची टेस्ट आणि मॅनेजर राउंड ठीक गेले, खरी कसोटी होती ती केस स्टडी प्रेझेंटेशनची. त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मी शोधत होते तेव्हा सगळीकडे फ्रेमवर्कची नावंच सापडत होती, एखादी केस शेवटपर्यंत सोडवलेली कुठे दिसली नाही. कंपनीचं नाव सांगत नाही आणि केस त्यांची आहे म्हणून आकडेही बदलून गोल केलेत, पण हिशोबाचा सांगाडा तोच आहे.

कंपनी ऑनलाइन कपडे विकणारी. शुक्रवारी संध्याकाळी मेलवर एक एक्सेल आणि अर्ध्या पानाचा ब्रीफ आला, प्रेझेंटेशन मंगळवारी. ब्रीफमध्ये लिहिलेलं की एप्रिल ते सप्टेंबर आरटीओ वाढलाय (इथे आरटीओ म्हणजे रिटर्न टू ओरिजिन, ग्राहकाने पार्सल घेतलंच नाही आणि ते गोदामात परत आलं), कारण शोधा, आणि कुरिअर पार्टनर बदलावा का ते सांगा. एका आरटीओचा खर्च १४० रुपये धरा. वेळ २० मिनिटं, पाचपेक्षा जास्त स्लाइड नकोत, समोर ऑपरेशन्स हेड, फायनान्स हेड आणि प्रॉडक्टच्या एक मॅडम.

पहिली गडबड डेटातच होती. सप्टेंबरच्या १३ हजारांवर ओळी होत्या पण `order_id` वेगळे मोजले तर ऑर्डर फक्त १२ हजार, कारण डिलिव्हरीचा प्रत्येक प्रयत्न वेगळ्या ओळीत होता. सरळ पिव्हट मारला असता तर ज्या ऑर्डरला तीनदा चक्कर झाली ती तीनदा मोजली गेली असती, आणि तीनदा चक्कर मारायला लागलेल्याच ऑर्डर जास्त परत येतात, म्हणजे आकडा फुगलेला दिसला असता. ऑक्टोबरच्या पहिल्या काही दिवसांचा डेटापण होता, तो मी बाजूलाच ठेवला कारण बऱ्याच ऑर्डर अजून वाटेत होत्या आणि वाटेतल्या ऑर्डरचा आरटीओ आत्ता कमीच दिसणार.

साफ केल्यावर चित्र असं. एप्रिलमध्ये १० हजार ऑर्डर, आरटीओ ११.८ टक्के. सप्टेंबरमध्ये १२ हजार ऑर्डर, आरटीओ १६.८ टक्के. मग कुरिअरप्रमाणे तोडलं तर जुन्या कुरिअरचा १२.२ आणि नव्याचा २१.४. शनिवारी दुपारी मला वाटलं झालं काम, नवा कुरिअर खराब आहे, ब्रीफमध्येही तोच इशारा होता.

पण मग पेमेंटप्रमाणे तोडलं आणि सगळं फिरलं. आधीच पैसे भरलेल्या, म्हणजे प्रीपेड ऑर्डर दोन्ही महिन्यांत ३ टक्केच परत येत होत्या. सीओडी एप्रिलमध्ये २५ टक्के, सप्टेंबरमध्ये २६. म्हणजे दोन्ही गटांत जवळपास काहीच बिघडलं नव्हतं, बदलला होता तो वाटा, सीओडी ४० टक्क्यांवरून ६० वर गेली होती. हिशोब साधा आहे, १०० पैकी २० ऑर्डर ३ टक्केवाल्या गटातून २५ टक्केवाल्या गटात सरकल्या, फरक २२, त्याचा पाचवा हिस्सा ४.४. वाढलेल्या ५ पॉइंटपैकी ४.४ इथेच संपले, उरलेले ०.६ म्हणजे सीओडीचा स्वतःचा २५ चा २६ झाला तो. आणि कुरिअर? दोघांना सारख्याच ६ हजार ऑर्डर, पण जुन्याकडे त्यातल्या २४०० सीओडी आणि नव्याकडे ४८००. सीओडीसमोर सीओडी ठेवली की दोघंही २६ वर.

सीओडी का वाढली हे एका कॉलममध्ये सापडलं. प्रीपेडवर ५० रुपये सवलत होती, जुलैपासून तो कॉलम शून्य. म्हणून माझी शिफारस तयार झाली, सवलत परत सुरू करा. रविवारी १४ स्लाइड झाल्या, त्या घासून पाचवर आणल्या, आधी डेटा कसा साफ केला, मग ट्रेंड, मग कुरिअर, मग पेमेंट आणि शेवटच्या स्लाइडवर शिफारस.

रविवारी रात्री ताईकडे सराव केला. दाजींचं चाकणला पार्ट्सचं छोटं युनिट आहे, त्यांना ई-कॉमर्समधलं काही माहीत नाही, आणि म्हणूनच मी त्यांना समोर बसवलं. तिसऱ्या स्लाइडला ते म्हणाले, "थांब गं, मला आधी सांग काय करायचंय, मग हे दाखव." मी सांगितलं, सवलत सुरू करायची. ते म्हणाले, "बरं, मग खिशातून किती जाणार?"

मी तो हिशोब केलाच नव्हता. तिथेच बसून केला. १२ हजारांपैकी ६० टक्के परत प्रीपेड झाल्या तर ७२०० ऑर्डर गुणिले ५०, महिन्याला ३ लाख ६० हजार. वाचणार किती, तर २४०० ऑर्डर २६ टक्क्यांवरून ३ वर, म्हणजे ५५२ आरटीओ गुणिले १४०, साधारण ७७ हजार. म्हणजे ७७ हजार वाचवायला मी ३ लाख ६० हजार खर्च करा असं फायनान्स हेडला सांगणार होते! सवलत बंद करण्याचा निर्णय बहुतेक त्यांचाच असणार, आणि या आकड्यांवर तो निर्णय बरोबर होता. आरटीओ त्यामुळे वाढला हेही खरं आणि तरी निर्णय फायद्याचा हेही खरं, दोन्ही गोष्टी एकत्र सांगायच्या होत्या.

सोमवारी ऑफिसमधून येऊन सगळं उलटं मांडलं. पहिल्या स्लाइडवर चार्ट नाही, फक्त तीन वाक्यं: आरटीओ ५ पॉइंटने वाढला, त्यातले ४.४ सीओडीचा वाटा वाढल्यामुळे. कुरिअर बदलून हे कमी होणार नाही. सवलत परत आणणं परवडत नाही, त्याऐवजी सीओडी ऑर्डर पाठवण्याआधी ग्राहकाकडून कन्फर्म करून घ्या. पुढच्या तीन स्लाइड म्हणजे या तीन वाक्यांचा एकेक पुरावा, आणि प्रत्येक स्लाइडचं शीर्षक हे पूर्ण वाक्य. 'कुरिअरनिहाय विश्लेषण' असं शीर्षक काढून 'सीओडीमध्ये दोन्ही कुरिअर २६ टक्क्यांवर' असं केलं, म्हणजे नुसती शीर्षकं वाचली तरी गोष्ट कळते. पाचवी स्लाइड पायलटची, म्हणजे हे आधी थोड्या ऑर्डरवर करून बघण्याची. डेटा साफ करण्याचा माझा सगळा पराक्रम पहिल्या स्लाइडच्या तळाशी एका ओळीत गेला. जिवावर आलं, शनिवार अख्खा त्यात गेला होता, पण ऐकणाऱ्याला तो आकडा विश्वासाचा आहे एवढंच हवं असतं, आणि कुणी विचारलं तर माझ्याकडे वेगळी शीट तयार होती.

कन्फर्मेशनमुळे किती आरटीओ कमी होईल याचा आकडा माझ्याकडे नव्हता आणि मला तो बनवायचा नव्हता. म्हणून उलटीकडून मांडलं. मेसेज किंवा कॉलचा खर्च ऑर्डरमागे ३ रुपये धरला (हे माझं गृहीतक असं स्लाइडवरच लिहिलं), ७२०० सीओडी ऑर्डरचे २१,६०० रुपये. १४० ने भागलं की १५४ च्या थोडं वर. म्हणजे १८७२ सीओडी आरटीओपैकी फक्त १५५ थांबले, साधारण बारात एक, की खर्च निघाला. आणि ते थांबतात का हे बघायला दोन आठवडे निम्म्या सीओडी ऑर्डरवर, रँडम पद्धतीने, करून बघा.

मंगळवारी मीटिंग १५ मिनिटं उशिरा सुरू झाली आणि ऑपरेशन्स हेड सर आल्या आल्या म्हणाले, मला दहा मिनिटांत निघायचंय. जुनी मांडणी असती तर ते निघेपर्यंत मी डेटा क्लीनिंगवरच असते. पहिली स्लाइड वाचून झाली आणि त्यांनी लगेच अडवलं, "कुरिअर नाही म्हणता, पण २१ टक्के तर समोर दिसतंय." मी सरळ तिसऱ्या स्लाइडवर उडी मारली. तिथे मोठं टेबल नव्हतं, चारच आकडे, प्रीपेड ३ आणि ३, सीओडी २६ आणि २६, आणि खाली दोघांकडे सीओडी किती ते. म्हटलं, "सर, तुम्ही त्यांना अवघड ऑर्डर दुप्पट दिल्यात, म्हणून सरासरी वाईट दिसते." हा प्रकार स्टॅटिस्टिक्समधल्या सिम्पसन्स पॅराडॉक्सच्या जवळचा, पण ते नाव मी मुद्दाम घेतलं नाही, नाव घेतलं की चर्चा नावावर जाते. ते काही सेकंद बघत राहिले आणि म्हणाले, "ठीक आहे, पुढे."

प्रॉडक्टच्या मॅडमनी विचारलं की सवलत बंद झाली म्हणूनच सीओडी वाढली कशावरून, आपण त्याच काळात नवे पिनकोडही सुरू केले. हे मी तपासलं होतं, फक्त जुने पिनकोड ठेवले तरी सीओडीचा वाटा ५५ च्या पुढे गेला होता आणि तोही जुलैपासूनच. पण "हे शंभर टक्के सिद्ध होत नाही, त्याच वेळी अजून काही बदललं असेल तर ते या शीटमध्ये नाही" असंही स्पष्ट सांगितलं.

शेवटी ऑपरेशन्स हेड उठता उठता म्हणाले, "१४० मध्ये अडकलेला माल धरलेला नाही, पार्सल परत येईपर्यंत तो ड्रेस मी दुसऱ्याला विकू शकत नाही." याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. दोन सेकंद थांबले, फोनवर ३ लाख ६० हजार भागिले ५५२ केलं, ६५२ आलं. म्हटलं, "सर, अडकलेला माल, पुन्हा पॅकिंग सगळं धरून एका आरटीओचा खर्च साधारण ६५० च्या वर जात असेल तर माझी शिफारस उलटते, मग सवलत परवडते. तो आकडा तुमच्याकडे असेल, माझ्याकडे नाही." फायनान्स हेडनी तो आकडा वहीत लिहून घेतला आणि त्या दोघांचीच चर्चा सुरू झाली, हिवाळ्यातल्या जॅकेटला किती पडेल आणि कुर्तीला किती. मी मध्ये बोलले नाही. सरांचं दहा मिनिटांत निघणं तसंच राहिलं, ते पंचविसाव्या मिनिटाला गेले.

नऊ दिवसांनी ऑफरचा मेल आला. दाजींना फोन केला तर त्यांनी पहिलं हेच विचारलं, "मग जॅकेटचं किती निघालं?"