दोन टक्के आणि सात दिवस

आमचा व्यवसाय कराडात पीव्हीसी पाइप आणि फिटिंगच्या घाऊक विक्रीचा. विटा, कडेगाव, उंब्रज, पाटण या भागातली किरकोळ दुकानं आमच्याकडून माल उचलतात. सुरुवात एका गाळ्यातून झाली, पुढे गोडाऊन झालं, दोन टेम्पो आले. पण आज हा धंदा ज्या पायावर उभा आहे तो पाया वसुलीचा, आणि तो घालताना सगळ्यात जास्त कामी आली ती एकच गोष्ट: लवकर पैसे देणाऱ्या दुकानदाराला दिलेली कॅश डिस्काउंट. बाजारात तिला सगळे सीडी म्हणतात. ती कधी परवडते आणि कधी नाही, हे नव्याने घाऊक धंद्यात येणाऱ्यांना कोणी सविस्तर सांगत नाही, म्हणून लिहीत आहे.

आधी आमची अडचण. आम्ही कंपनीला पैसे भरल्याशिवाय कंपनी गाडी भरत नाही. इकडे दुकानदाराला मात्र उधार द्यावंच लागतं, कारण तोही पुढे प्लंबरला आणि शेतकऱ्याला उधार देतो. बिलावर मुदत 45 दिवसांची, पण पैसे साधारण दोन महिन्यांनी यायचे. मधला सगळा भार बँकेच्या कॅश क्रेडिटवर. पुष्कळांना वाटतं की उद्यम नोंदणी केली की 45 दिवसांत पैसे मिळण्याचा कायदा आपल्या बाजूने उभा राहतो. तसं नाही. तो नियम उत्पादन करणाऱ्या आणि सेवा देणाऱ्या लहान उद्योगांसाठी आहे. व्यापाऱ्यांना 2021 पासून उद्यम नोंदणी मिळते, पण तिचा उपयोग अग्रक्रम क्षेत्रातल्या कर्जापुरता. म्हणजे घाऊक व्यापाऱ्याला उधारी आटोक्यात ठेवायची तर ती स्वतःच्या अटींवरच.

आम्ही अट ठरवली ती अशी: बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत पैसे आले तर मालाच्या किमतीवर दोन टक्के, 21 दिवसांत आले तर एक टक्का, त्यानंतर पूर्ण बिल. ठरवण्याआधी एका बिलाचा हिशेब कागदावर मांडला, तो इथे देतो.

एक लाखाचा माल, त्यावर 18 टक्के जीएसटी, बिल 1,18,000 रुपयांचं. एवढ्या विक्रीत आम्हाला साधारण सहा हजार सुटतात, म्हणजे कर धरून आमचे जवळपास 1,11,000 रुपये त्या मालात अडकलेले असतात. बँकेचं व्याज वर्षाला 11 टक्के धरलं तर रोजचे 33 रुपये पडतात. दुकानदाराने साठाव्या दिवसाऐवजी सातव्या दिवशी पैसे दिले तर आमचं 53 दिवसांचं व्याज वाचतं, म्हणजे सुमारे 1,770 रुपये. आणि त्यासाठी आम्ही देतो दोन हजार. नुसत्या व्याजाकडे बघितलं तर व्यवहार तोट्याचा आहे. जो दुकानदार एरवीही तिसाव्या दिवशी पैसे देतो त्याच्या बाबतीत तर 23 दिवसांचं व्याज जेमतेम 770 रुपये होतं, आणि आपण दोन हजार सोडतो.

मग सीडी द्यायची कशाला? कारण सीझनमध्ये आम्हाला व्याजापेक्षा लिमिट जास्त नडतं. आमच्या भागात पाइपलाइनची कामं फेब्रुवारी ते मे या काळात जोरात चालतात. ऊस तुटून गेलेला असतो, रानं मोकळी असतात, चर खणता येतात. त्या चार महिन्यांत माल पडून राहत नाही, कमी पडतं ते भांडवल. कॅश क्रेडिट पूर्ण उचललेलं असलं की पुढची गाडी मागवता येत नाही आणि दुकानदार माल दुसरीकडून आणतो.

त्या 120 दिवसांत एक लाख रुपये कसे फिरतात ते पाहा. माल गोडाऊनमध्ये सरासरी वीस दिवस राहतो. त्यापुढे साठ दिवस उधारी धरली तर पैसे 80 दिवसांनी परत हातात, म्हणजे चार महिन्यांत दीड फेरा आणि नफा नऊ हजार. तेच पैसे विक्रीनंतर सात दिवसांत आले तर फेरा 27 दिवसांचा होतो, चार महिन्यांत चार फेरे सहज बसतात. नफा 24,000, त्यातून प्रत्येक फेऱ्याला दोन हजार सीडी वजा केली तरी 16,000 उरतात. व्याज दोन्हीकडे सारखंच, कारण बँकेचे पैसे चारही महिने बाहेरच असतात. हा फरक पाहिला आणि मग दोन टक्के देताना हात आखडला नाही.

पण हेच गणित जुलै-ऑगस्टमध्ये उलटं बसतं. पावसात चर खणले जात नाहीत, घराची बांधकामं मंदावतात, लिमिट अर्धं रिकामं असतं. लवकर आलेले पैसे फक्त कॅश क्रेडिट खात्यात जाऊन व्याज वाचवतात, आणि ते व्याज सीडीपेक्षा कमी. म्हणून आम्ही जुलै ते सप्टेंबर दोन टक्के बंद ठेवतो, सात दिवसांना एकच टक्का देतो आणि 21 दिवसांचा टप्पा काढून टाकतो. हे बदल आधीच्या महिन्यात सगळ्यांना लेखी कळवतो. सुरुवातीला कुरबुर झाली. तरीही मला हेच योग्य वाटतं. वर्षभर सारखी सीडी दिली की दुकानदार ती भावातच धरतो, आणि मग ती सूट राहत नाही, आपला भावच दोन टक्क्यांनी खाली येतो.

दुकानदाराच्या बाजूनेही हिशेब बघायला हवा, नाहीतर योजना कागदावरच राहते. कडेगावकडच्या एका दुकानदारांनी (आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो) तोंडावर विचारलं, "तुमचे दोन हजार घेण्यासाठी मी बँकेतून पैसे काढू होय?" त्यांचं म्हणणं बरोबर होतं. 1,16,000 रुपये 53 दिवस आधी द्यायचे तर 12 टक्क्यांनी त्यांचं व्याजही दोन हजारांच्या आसपासच जातं. कर्ज काढून सीडी घेण्यात दुकानदाराला काहीच मिळत नाही. पण ज्या दिवसांत गल्ल्यात किंवा चालू खात्यात पैसा नुसता पडून असतो, त्या दिवसांत हे दोन हजार निव्वळ कमाईचे. आमच्या भागात असा पैसा उसाच्या बिलाबरोबर येतो. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावेत असा कारखान्यांना नियम आहे. कारखान्यागणिक मागेपुढे होतं, पण डिसेंबरपासून पुढे शेतकऱ्यांच्या खात्यात पैसे येऊ लागतात आणि दुकानातली जुनी उधारी भागते. म्हणजे ज्या महिन्यांत आम्हाला पैशाची सगळ्यात जास्त गरज असते, त्याच महिन्यांत दुकानदाराकडे तो असतो. ही सांगड नसती तर आमची योजना चाललीच नसती. दुसऱ्या भागातल्या व्यापाऱ्याने आमचे टक्के उचलण्याआधी आपल्या दुकानदाराकडे पैसा कधी येतो ते पाहावं.

पहिल्या सीझनला सीडी सगळ्यात आधी घेतली ती एरवीही आठ-दहा दिवसांत पैसे देणाऱ्यांनी. तो खर्च सरळ अंगावर पडला, आणि तो टाळता येत नाही. चांगल्या पार्टीला वगळून उशीर करणाऱ्याला सवलत दिली तर ती गोष्ट आठवड्याभरात सगळ्या पेठेत कळते. मधल्या गटातले, म्हणजे दीड-दोन महिने लावणारे दुकानदार, किती पुढे येतात यावर सगळं अवलंबून होतं. ते आले, पण सगळे नाहीत. अगदी उशिरा देणारे जिथे होते तिथेच राहिले. ज्याच्याकडे पैसाच नाही त्याला टक्का दाखवून उपयोग नसतो.

सगळ्यात जास्त वाद होतो तो तारखेवर. सात दिवस कुठून मोजायचे? माल पोहोचल्यापासून म्हटलं तर प्रत्येक बिलाला वेगळी तारीख निघते, म्हणून आम्ही बिलाची तारीख धरतो आणि माल दुसऱ्या दिवशी पोहोचवण्याची जबाबदारी घेतो. आम्हाला उशीर झाला तर तेवढे दिवस मुदत वाढवून देतो. पैसे आले असं आम्ही ते खात्यात दिसल्यावरच धरतो. पुढच्या तारखेचा चेक चालत नाही. सुट्टी आडवी आली हे कारणही आता राहिलेलं नाही, एनईएफटी डिसेंबर 2019 पासून चोवीस तास चालू आहे. काही जण नोटा घेऊन येतात. त्यांना आम्ही सांगतो की दिवसाला दहा हजारांवर रोख दिली तर खरेदीचा तो खर्च आयकरात तुमच्याच अंगावर येतो. खात्यातून पाठवा, सीडी तीच मिळेल.

याहून त्रासदायक प्रकार म्हणजे एकोणिसाव्या दिवशी दोन टक्के कापून पैसे पाठवणं. रक्कम छोटी दिसते आणि कोणाशी वाईटपणा घ्यायला नको म्हणून घाऊक व्यापारी ती सोडून देतात. आम्ही सोडत नाही. एकोणिसाव्या दिवशी हक्क एक टक्क्याचा, म्हणून उरलेले हजार त्याच बिलावर येणे दाखवतो आणि त्याच दिवशी मेसेज पाठवतो: बिल क्रमांक, पैसे आल्याची तारीख, बाकी एवढी. भांडण नाही, फोनही नाही. पुढच्या मालाच्या वेळी बाकी आपोआप समोर येते. हे एकदा सोडून दिलं तर पुढच्या महिन्यात सात दिवसांचे पंचवीस होतात.

बिलाचं म्हणाल तर सूट आम्ही बिलातच वजा करत नाही, कारण पैसे वेळेत येतील की नाही हे बिल करताना माहीत नसतं. अट बिलावर छापलेली असते, आणि पैसे आल्यावर त्या बिलाचा क्रमांक घालून क्रेडिट नोट निघते. ती जीएसटीसह काढता येते, पण मग दुकानदाराला दोन हजारांवरचं 360 रुपयांचं इनपुट क्रेडिट उलटवावं लागतं. एवढ्या रकमेसाठी त्याच्या हिशेबनिसाला त्रास नको म्हणून आम्ही कर न बदलता नुसती दोन हजारांची व्यापारी क्रेडिट नोट देतो. आमचा कर पूर्ण भरलेला राहतो, त्याचं क्रेडिट पूर्ण राहतं. फक्त हे पहिल्याच दिवशी दोघांच्या हिशेबनिसांत ठरलेलं असावं.

या सगळ्यात एक फायदा असा झाला की ज्याचा आम्ही आधी विचारच केला नव्हता. तात्या पुढे नेमाने सीडी घेऊ लागले होते. एका जानेवारीत त्यांनी लागोपाठ दोन बिलांची सीडी सोडली. पैसे मुदतीतच आले, त्यामुळे उधारीच्या यादीत काही दिसलं नसतं. पण भर हंगामात दोन हजार सोडणारा माणूस तो नव्हे. मी स्वतः जाऊन भेटलो. एका पाणीपुरवठा योजनेच्या ठेकेदाराला त्यांनी बराच माल उधार दिला होता आणि ठेकेदाराचं सरकारी बिल अडकलं होतं. "सांगणारच होतो," ते म्हणाले, "पण तुम्ही माल बंद कराल अशी भीती वाटली." माल बंद केला नाही. ठेकेदाराच्या मापाचे मोठे पाइप थांबवले, दुकानात रोज खपणारी फिटिंग चालू ठेवली, आणि प्रत्येक बिल तुकड्यातुकड्याने फेडलं तरी 21 दिवसांत आलेल्या रकमेवर एक टक्का द्यायचं ठरलं. ठेकेदाराचे पैसे सुटायला पावसाळा उजाडला. तोवर तात्यांचं खातं मुदतीच्या बाहेर गेलं नाही. आता दर महिन्याला थकबाकीच्या यादीआधी आमच्या ऑफिसात दुसरी एक यादी निघते: नेहमी सीडी घेणाऱ्यांपैकी या महिन्यात ती कोणी सोडली.