कमरेचा एमआरआय जवळपास नॉर्मल, पण दुखणं चुकीच्या जागी शोधलेलं

मला मणक्याचा सुजेचा संधिवात, म्हणजे अ‍ॅक्सियल स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस आहे. त्याचं निदान लांबलं ते तपासणी चुकीच्या जागेची झाली म्हणून. आधी कमरेच्या मणक्यांचा एमआरआय झाला. त्यात एका चकतीला किरकोळ फुगवटा दिसला आणि सगळा दोष तिच्यावर गेला. पण चकतीचं दुखणं सहसा पडून राहिल्यावर हलकं होतं. माझं पडून राहिल्यावर वाढायचं. पहाटे तीन-चारला जाग यायची, उठून दहा मिनिटं चाललं की सुटायचं. सकाळी मोजे घालायला वाकता येत नसे, अकरानंतर मात्र काहीच अडचण नसे.

संधिवाततज्ज्ञांनी पाच गोष्टी विचारल्या: सुरुवात चाळिशीच्या आत का, दुखणं हळूहळू आलं का, व्यायामाने कमी होतं का, आरामाने कमी होत नाही ना, आणि रात्री दुखून उठल्यावर बरं वाटतं का. तीन महिन्यांहून जुन्या कंबरदुखीत यांपैकी चार जुळल्या तर ती सुजेची कंबरदुखी धरतात. माझ्या पाचही जुळल्या. हे मात्र निदान नव्हे, पुढे तपासण्याचं कारण आहे.

मग माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाचे, म्हणजे सॅक्रमचे, दोन्ही बाजूंचे सांधे पाहायचे होते. एक्स-रेत बदल दिसायला कित्येक वर्षं लागू शकतात, म्हणून एमआरआय. पण चिठ्ठीवर 'सॅक्रोइलियाक सांधे, स्टर सीक्वेन्स, सॅक्रमच्या उताराला समांतर तिरके काप' असं स्पष्ट लिहून. कॉन्ट्रास्टची गरज नव्हती. स्टरमध्ये चरबी काळी होते आणि हाडातली सूज पांढरी उठून दिसते. माझ्या उजव्या सांध्यालगत असा पट्टा सलग तीन कापांत होता. एकाच कापातला एखादा ठिपका पुरत नाही; धावपटूंत आणि बाळंतपणानंतरही तसे ठिपके दिसतात.

दोन वेगवेगळ्या सूजनाशक गोळ्या पूर्ण मात्रेत, प्रत्येकी चार आठवडे घेऊनही बासडाई, म्हणजे दुखणं, थकवा आणि ताठरपणा मोजणारा शून्य ते दहाचा आकडा, ६.२ होता. तो चार किंवा त्याहून जास्त राहिला तर बायोलॉजिकचा, म्हणजे सूज वाढवणारं नेमकं प्रथिन अडवणाऱ्या इंजेक्शनचा विचार होतो. संधिवातात नेहमी दिली जाणारी मेथोट्रेक्झेट गोळी का नाही, हे मीही विचारलं: मणक्याच्या दुखण्यावर त्याचा उपयोग होत नाही.

माझं बायोलॉजिक अडालिमुमॅब ठरलं. त्याआधी छातीचा एक्स-रे, हिपॅटायटिस बी व सी आणि क्षयाची चाचणी. अडालिमुमॅब टीएनएफ हे सुजेचं प्रथिन अडवतं. पण हेच टीएनएफ क्षयाच्या सुप्त जंतूंना गाठीत कोंडून ठेवतं; ते अडवलं की गाठ सैल पडते. माझी चाचणी पॉझिटिव्ह आली, लक्षणं नव्हती, एक्स-रे स्वच्छ. म्हणून आधी आयसोनियाझिड सुरू झालं आणि एक महिन्याने पहिलं इंजेक्शन. गोळ्यांचा कोर्स पुढेही चालू राहिला. घाई करणाऱ्यांनी हा महिना वाचवू नये.

४० मिलीग्रॅम, दर दोन आठवड्यांनी, मांडीत किंवा पोटावर, जागा बदलत. पेन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवर. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर, नाहीतर जास्त झोंबतं. ताप असेल तर डोस थांबवून आधी डॉक्टरांना फोन.

बारा आठवड्यांनी बासडाई २.८ झाला, पहाटेची जाग गेली. सकाळचा ताठरपणा दहा मिनिटांवर आला, मोजे आता बसून घालतो.