फुकटच्या कार्डाचा हिशेब

2016 साली सोलापूरच्या नवी पेठेत मोबाइल दुरुस्तीचं टेबल टाकलं आणि दोन वर्षांत कॅमेरे बसवायला लागलो. रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डीव्हीआरचा खर्च नको म्हणणाऱ्यांना आम्ही वाय-फाय कॅमेरा द्यायचो, वर 32 जीबीचं मेमरी कार्ड फुकट. ते फुकटचं कार्डच आम्हाला सगळ्यात महाग पडलं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्याच्या मालकांचा आठ महिन्यांनी फोन आला, "काय ओ, सुताचं पोतं गेलंय अन् तुमच्या कॅमेऱ्यात काहीच नाही!" मोबाइलवर चित्र स्वच्छ दिसत होतं, त्यामुळे कुणाला शंकाच आली नव्हती. कार्ड लॅपटॉपला लावलं, तर शेवटची फाइल अठरा दिवसांपूर्वीची. फॉरमॅट मारला, 'पूर्ण झालं' असं दिसलं. कार्ड काढून परत घातलं, तर त्याच जुन्या फाइली हजर! आतल्या पेशी झिजल्या की पुष्कळ कार्डं नवीन लिहून घेणं बंद करतात, जुनं तेवढं वाचू देतात.

कंपनीला शिव्या घालून झाल्यावर रात्री हिशेब मांडला. कॅमेरा 4 एमबीपीएस बिटरेटवर लावलेला, म्हणजे सेकंदाला अर्धा एमबी आणि दिवसाला जवळपास 43 जीबी. 32 जीबीचं कार्ड रोज भरून वर पुन्हा पुसलं जात होतं. आठ महिन्यांत सव्वातीनशे फेऱ्या झाल्या. स्वस्त कार्डाच्या पेशी काहीशे फेऱ्यांतच दमतात, त्यात ते कार्ड फोटो-गाण्यांसाठी बनवलेलं. त्यावरचं 'क्लास 10' वेग सांगतं, आयुष्य नाही. वॉरंटीचा कागद तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला: सततच्या रेकॉर्डिंगला वॉरंटी लागू नाही.

मग सततचं लिहिणं सोसणारी हाय एन्ड्युरन्स कार्डं आणली. त्यातही एकदा फसलो. पाकिटावर 5,000 तास वाचून खूश झालो, पण चोवीस तास चालणाऱ्या कॅमेऱ्याचं वर्षच 8,760 तासांचं. नंतर कळलं, हे तास कंपनीनं धरलेल्या ठरावीक बिटरेटवरचे असतात आणि तो बारीक अक्षरांत लिहिलेला असतो. आपला कॅमेरा त्याच्या निम्म्यानं लिहीत असेल, तर तास साधारण दुप्पट धरायचे. जास्त लिहीत असेल, तर तेवढे कमी. एकाच जातीचं कार्ड 32 ऐवजी 128 जीबीचं घेतलं, तर फेऱ्या चौपट कमी होतात. कॅमेऱ्यात व्हिडिओ जास्त दाबून साठवणारं एच.265 असेल तर तेही चालू करतो, लिहिणं बरंच घटतं.

ट्रकच्या डॅशकॅमची गोष्ट वेगळी. तिथे बिटरेट मोठा, आणि मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात काचेमागे उभी गाडी म्हणजे भट्टीच, त्यामुळे कार्ड आणखी लवकर दमतं.

आता कार्डाचे पैसे बिलात वेगळे लावतो. काही गिऱ्हाइकं तेवढ्यावरून शेजारच्या दुकानात जातात, जाऊ देत. कार्डावर मार्करनं बसवल्याची तारीख लिहितो आणि महिन्यातून एकदा पोरगा फोन करून कालचं रेकॉर्डिंग उघडून बघायला लावतो. लाइव्ह नाही, कालचं. चादरवाले मालक अजून आमच्याकडेच आहेत, पण पोत्याचा विषय निघाला की चहा आमच्याच खिशातून जातो.